मोठ्या कंपनीची सप्लायर प्रश्नावली कशी भरायची: हळद पावडरच्या युनिटचं उदाहरण

प्रश्न: सर, वसमतजवळ आमची शेतकरी कंपनी आहे, हळद पावडर करतो. आतापर्यंत नांदेड-लातूरच्या होलसेलरला माल जायचा. आता एका मोठ्या कंपनीनं एक्सेलमधी 140 प्रश्न पाठवलेत, हो / नाही / लागू नाही आणि पुढं पुरावा जोडा. आमचा कन्सल्टंट म्हणायलाय सगळीकडं हो टाका, ऑडिट यायला टाईम असतो, तोवर करून घेऊ. नाही टाकलं तर बाहेर काढतील का? खोटं बी लिहायचं नाही अन् गिऱ्हाईक बी घालवायचं नाही. कसं भरावं?

उत्तर:

भाऊ, सगळीकडं हो टाकू नका. मी मसाल्याच्या युनिटमधे क्वालिटी बघत अशा फायली भरल्यात आणि नंतर खरेदीदाराच्या बाजूनं ऑडिटलाही गेलोय, त्यामुळं ती फाइल तुमच्याकडून गेल्यावर तिचं पुढं काय होतं ते आधी सांगतो. व्हेंडर कोड मिळाला की बहुतेक ठिकाणी ही प्रश्नावली सप्लाय ॲग्रीमेंटला जोडली जाते. म्हणजे उद्या माल परत आला, बाजारातून उचलावा लागला, तर त्यांचा माणूस ईमेल शोधत बसत नाही, तुमची सहीची एक्सेल उघडतो, आणि 'हे तुम्हीच लिहून दिलंय ना' म्हणून नुकसानीचा आकडा पुढं करतो. दुसरं, ऑडिटर येतो तेव्हा त्याच्या हातात हीच फाइल असते आणि तो 'हो' लिहिलेल्याच ओळी तपासतो. 'नाही' लिहिलेल्या ओळीवर त्याला तपासायला काही नसतं, फक्त कधी करणार एवढं विचारतो. एखादी गोष्ट नाहीये, हा ऑडिटमधे साधारण मेजर किंवा मायनर शेरा होतो आणि मुदत मिळते. पण आहे म्हणून लिहिलं आणि निघाली नाही, किंवा रजिस्टर एका बैठकीत बसून भरलेलं सापडलं (एकच पेन, एकच अक्षर, रविवारच्या सुट्टीची पण नोंद, हे ओळखायला फार वेळ लागत नाही), की तो क्रिटिकल होतो आणि बाकी 139 उत्तरांवरचा विश्वासही जातो.

तर भरायची सुरुवात कशी करायची. त्या एक्सेलची एक कॉपी घरच्यासाठी करा आणि प्रत्येक प्रश्नापुढं तुमच्याकडचा पुरावा लिहा: कुठलं रजिस्टर, कुठला रिपोर्ट, कुठल्या तारखेचा, कुणाकडं ठेवलाय. उत्तर अजिबात लिहू नका, आधी फक्त पुरावा. हे काम ऑफिसात बसून होत नाही, पॉलिशवाला, चक्कीवाला, गोडाऊनवाला, हिशोबनीस यांच्यापाशी जाऊन विचारावं लागतं. पुरावा सापडला तरच 'हो'. लायसन्स, वर्षाची कामगारांची मेडिकल तपासणी, पाण्याचा रिपोर्ट, सहा महिन्याला मालाची टेस्ट, हे तसंही एफएसएसएआयच्या लायसन्सच्या अटीतच बसतं, त्यामुळं ही उत्तरं कागद असतील तर पटापट होतील आणि कागद नसतील तर प्रश्नावली राहू द्या, आधी ते करा. खरी अडचण येते ती अर्ध्या खऱ्या उत्तरांची, आणि हळदीत त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे मागोवा, ज्याला ते ट्रेसेबिलिटी म्हणतात.

प्रश्न साधारण असा असतो: 'तुमच्या उत्पादनाचा मागोवा शेतापर्यंत लागतो का?' शेतकरी कंपनी असली की हात आपोआप 'हो'वर जातो, आमचेच सभासद, आमचीच हळद. पण टाकायच्या आधी एक दिवस काढून स्वतःच तपासून बघा. विकून झालेली एक जुनी बॅच निवडा, समजा दोन महिन्याखाली लातूरला गेलेली, आणि मागं मागं जा. पॅकिंगच्या रजिस्टरवरून चक्कीची तारीख, चक्कीच्या नोंदीवरून गोडाऊनमधून उचललेले लॉट, लॉटवरून पॉलिशचा दिवस, आणि तिथून शेतकऱ्यांच्या वजनाच्या पावत्या. घड्याळ लावून बसा, कारण बऱ्याच कंपन्या हे सगळं 4 तासात मागतात, काही 2 तासात.

समजा त्या बॅचला 1,200 किलो कांडी चक्कीत गेली. पॅक झाली 1,140 किलो पावडर. चाळणीवर राहिलेला भरड 22 किलो, धूळ आणि ओलावा उडून 24 किलो धरले, तर हिशोब लागला 1,186 चा. 14 किलोचा पत्ता नाही, म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर. हे चालतं, फक्त ते 14 किलो लिहून ठेवा, झाकू नका. पण हाच फरक 100-150 किलो निघाला तर एकतर वजनं अंदाजानं लिहिली जातायत किंवा मधे दुसरा माल मिसळलाय, आणि अशा वेळी मागोव्याचं उत्तर 'हो' असूच शकत नाही. आणि फरक उलटा निघाला, म्हणजे गेला त्यापेक्षा जास्त माल बाहेर आला, तर तिथंच थांबा आणि आधी ते शोधा, कारण ऑडिटर हा आकडा पाहिला की भेसळीचाच विचार करतो.

आता त्या बॅचची साखळी कुठं तुटते बघा. पॉलिशच्या ड्रममधे एका वेळी एकाच शेतकऱ्याचा माल जात नाही ना. समजा 11 शेतकऱ्यांचा माल एकत्र पॉलिश झाला, तर तिथून पुढं तुमचा मागोवा 11 जणांच्या गटापर्यंत लागतो, एका शेतापर्यंत नाही. आणि त्याच 1,200 मधले 400 किलो, सभासदांचा माल संपला म्हणून मोंढ्यातून घेतले होते असं निघालं, तर त्यांचा मागोवा आडत्याच्या पावतीपाशी थांबतो. त्याच्या मागं ती हळद हिंगोलीची का परभणीची का तेलंगणातून आलेली, हे तुम्ही सांगू शकत नाही. हे लाजायचं कारण नाही, हळदीचा धंदा असाच चालतो आणि खरेदीदाराच्या क्वालिटीवाल्यालाही ते माहीत असतं. त्याला बघायचं असतं की तुम्हाला ते माहीत आहे का. म्हणून उत्तर असं लिहा:

'सभासदांकडून थेट घेतलेल्या हळदीचा मागोवा पॉलिश लॉटपर्यंत आणि तिथून त्या लॉटमधल्या शेतकऱ्यांच्या गटापर्यंत लागतो, एकेका शेतापर्यंत नाही. मोंढ्यातून घेतलेल्या हळदीचा मागोवा आडत्याच्या पावतीपर्यंत. गेल्या हंगामात एकूण खरेदीत मोंढ्याचा वाटा खरेदी रजिस्टरप्रमाणे इतका होता. अमुक तारखेला एका बॅचची चाचणी घेतली, कागद जोडले आहेत. तुमच्या ऑर्डरसाठी फक्त सभासदांचा माल वेगळा ठेवता येईल, पण त्याची मर्यादा महिन्याला इतके टन.'

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी मात्र गोडाऊनमधे खरंच वेगळी थप्पी लावायला जागा आहे का बघा. पोत्यांना वेगळा टॅग, वेगळी रांग, चक्की साफ करून मग तो माल, हे सगळं त्यात येतं. टनांचा आकडा पण मागच्या हंगामाच्या पावत्यांवरून काढा, पुढच्या हंगामाच्या आशेवरून काढू नका. खरेदीवाल्यानं फोनवर 'जरा वाढवून लिहा ना' म्हटलं तरी, पुढं सप्टेंबरात माल कमी पडला की मोंढ्याकडं पळायची वेळ तुमच्यावरच येणार आणि तेव्हा तुमचंच लेखी उत्तर तुमच्या आड येईल.

दुसरा असाच घसरडा प्रश्न फवारणीच्या अंशाचा: 'उत्पादन कीटकनाशक अंशमुक्त आहे का?' तुमच्याकडं लॅबचा एक रिपोर्ट असेल, सगळ्या ओळीत 'बीएलक्यू' लिहिलेलं, आणि त्या जोरावर 'हो' टाकावं वाटेल. तो रिपोर्ट नीट वाचा. बीएलक्यूचा अर्थ त्या लॅबला मोजता येईल त्या पातळीच्या खाली, ती पातळी बऱ्याचदा किलोला 0.01 मिलिग्रॅम असते, म्हणजे शून्य आहे असं लॅब कुठंही म्हणत नाही. त्यांनी ठराविक यादीतली औषधं तपासलेली असतात, तुमच्या गावात मारलेलं औषध त्या यादीत आहे का हे तुम्हीच बघायला पाहिजे, त्यासाठी सभासदांना विचारून कंदकुजीला आणि कंदमाशीला काय काय वापरलं त्याची यादी करा आणि रिपोर्टला लावून बघा. आणि रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. नमुना तुम्हीच नेऊन दिला असेल तर तेही लिहिलेलं असतं. लॅबला एनएबीएल मान्यता असली तरी ती पॅरामीटरनुसार असते, मान्यतेत न बसणाऱ्या टेस्टपुढं बहुधा फुली किंवा चांदणी असते, ती खूण बघूनच 'एनएबीएल रिपोर्ट' म्हणा.

म्हणजे प्रामाणिक उत्तर काय? 'अंशमुक्त असा आमचा दावा नाही. अमुक लॉटचा नमुना अमुक महिन्यात एनएबीएल लॅबकडून तपासला, यादीतल्या औषधांचे अंश मोजण्याच्या पातळीखाली आले, रिपोर्ट जोडला आहे. प्रत्येक लॉटची तपासणी सध्या होत नाही, हंगामात इतके नमुने तपासतो. तुम्हाला प्रत्येक लॉटची हवी असेल तर खर्च आणि वेळ ठरवून करू.' हे वाचून कंपनीचा माणूस नाराज होत नाही, उलट त्याला पुढं काय बोलायचं ते कळतं. आणि हो, 'रेसिड्यू फ्री' किंवा 'ऑरगॅनिक' हे शब्द पाकिटावर, पत्रकात, वेबसाइटवर कुठं आधीच छापून बसले असतील तर तेही आत्ताच बघा. ऑरगॅनिकला तर सर्टिफिकेट लागतं. ऑडिटर येण्याआधी तुमचं पाकीट दुकानातून विकत घेतो, हे मी स्वतः केलेलं आहे.

याच गटातला शिशाचा प्रश्न. हळदीत पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मारायची भेसळ जगभर गाजलेली आहे, त्यामुळं हा प्रश्न ते सोडत नाहीत. इथं 'सर्व लागू मर्यादांचं पालन करतो' असं गोल वाक्य लिहू नका, कारण मर्यादा एकच नाहीये. एफएसएसएआयमधे हळदीला शिशाची मर्यादा 10 पीपीएम आहे आणि युरोपात मुळांच्या-कंदांच्या मसाल्यांना 1.5. तुमचा रिपोर्ट समजा 2.1 आला, तर भारतात तो माल व्यवस्थित पास आहे आणि युरोपात नापास. कंपनी जर निर्यात करत असेल आणि तुम्ही 'सर्व मर्यादा' म्हणून सही केली असेल तर तुम्ही न पाहिलेल्या देशाचीही हमी देऊन बसलात. लिहायचं असं: एफएसएसएआयच्या मर्यादेत, अमुक लॉट, आकडा इतका. आकडा लिहाच, नुसतं 'पास' लिहू नका.

आता यंत्रं आणि सर्टिफिकेट. 'मेटल डिटेक्टर आहे का' याला तुमच्याकडं बहुतेक मॅग्नेट असेल. मग 'नाही' टाका आणि शेऱ्यात लिहा की चक्कीच्या आधी आणि पॅकिंगच्या आधी मॅग्नेट आहे, प्रत्येक शिफ्टला साफ करून काय सापडलं ते लिहितो. मॅग्नेटनं लोखंड धरलं जातं, पण चाळणीची स्टीलची तार तुटली तर ती त्याला नीट चिकटत नाही, हे ऑडिटरला पक्कं माहीत असतं, म्हणून चाळणी रोज सुरू करताना आणि बंद करताना बघता का, तेही लिहा. रोज बघत नसाल तर आजपासून सुरू करा आणि उत्तरात आजचीच तारीख टाका, मागची नको. एचएसीसीपी, म्हणजे मालातले धोके शोधून त्यावर ताबा ठेवायचा प्लॅन, त्याचंही तसंच. कन्सल्टंटनं दुसऱ्या युनिटची फाइल नाव बदलून दिली असेल तर ती जोडू नका, मी अशा फायलीत हळदीच्या युनिटला पाश्चरायझेशनचं तापमान लिहिलेलं बघितलंय. 'सर्टिफाइड' आणि 'अंमलात' यात फरक ठेवा: सर्टिफिकेट नसेल तर 'प्लॅन बनवला आहे, अमुक तारखेपासून नोंदी सुरू, सर्टिफिकेट नाही' इतकं पुरे.

वसमतच्या हळदीला 2024 मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं 'जीआय उत्पादन आहे का' अशी ओळ आली की मोह होणारच. पण जीआय नाव विकताना वापरायला तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि माल ठरलेल्या भागातलाच असायला लागतो. मोंढ्याचा माल मिसळलेल्या पावडरीवर ते लागूच होत नाही. नोंदणी नसेल तर 'नाही', केली असेल तर नोंदणी नंबर आणि कुठल्या मालाला ते.

कामगारांच्या भागाकडं लोक दुर्लक्ष करतात आणि तिथंच जास्त खोटं लिहिलं जातं. 'सर्व कामगारांना किमान वेतन मिळतं का' या प्रश्नातला 'सर्व' शब्द बघा. तुमच्या रजिस्टरवरच्या चक्कीवाल्यांना बँकेतून पगार जात असेल, ते ठीक. पण हंगामात निवडायला बसणाऱ्या बाया मुकादमाकडून येतात, क्विंटलमागं पैसे मुकादमाला जातात, आणि त्यातून एकेकीच्या हातात किती पडतात ते तुमच्याकडं कुठंच लिहिलेलं नसतं. मग 'सर्व' कशावरून म्हणणार? आधी एका आठवड्याचं मोजून बघा: कोण किती तास बसली, किती माल निवडला, हातात किती आले, आणि ते सरकारी दराशी लावा. कमी निघालं तर आधी दर वाढवा, प्रश्नावली नंतर, कारण तो त्या बायांचा हक्काचा पैसा आहे आणि इथं नुसता खरा 'नाही' लिहून मोकळं होता येत नाही. बरोबर निघालं तर लिहा की रजिस्टरवरच्यांचं बँकेतून, मुकादमाकडच्यांचं अमुक आठवड्याची मोजणी जोडली, आणि अमुक तारखेपासून त्यांचीही नावानिशी हजेरी ठेवतो. डोकी मोजताना मुकादमाची माणसं धरा. 20 किंवा जास्त झाली की पीएफचा प्रश्न येतो आणि 'आमचे कायमचे तर आठच आहेत' हे उत्तर तिथं चालत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, 'नाही' टाकलं तर बाहेर काढतील का. काही ओळींवर काढतील, उदाहरणार्थ लायसन्स नाही, माल परत बोलवायची काहीच पद्धत नाही, बालकामगार. काही कंपन्यांना मेटल डिटेक्टरही सक्तीचा असतो. कुठल्या ओळी सक्तीच्या आहेत ते अंदाजानं ठरवू नका, फाइल पाठवायच्या आधी त्यांच्या क्वालिटीवाल्याला सरळ मेल करून विचारा, खरेदीवाल्याला नको. त्याच मेलमधे शब्दांचे अर्थही विचारा: मागोवा म्हणजे शेतापर्यंत का लॉटपर्यंत, 'नियमित तपासणी' म्हणजे प्रत्येक लॉट का सहा महिन्याला. उत्तर लेखी घ्या आणि फाइलला जोडून ठेवा. एक्सेलमधे फक्त हो-नाहीचा ड्रॉपडाऊन असेल आणि तुमचं उत्तर अर्धं असेल तर 'नाही' निवडा आणि शेऱ्यात बाकीचं लिहा. शेऱ्याचा कॉलमच नसेल तर वेगळं पत्र जोडा, त्यात प्रश्न नंबर टाका, आणि फाइलच्या शेवटच्या रिकाम्या ओळीत 'सोबतचं पत्र या उत्तरांचा भाग आहे' असं लिहा.

'नाही'पुढं तारीख टाकताना पैसा कुठून येणार ते आधी ठरवा. 'मार्चपर्यंत मेटल डिटेक्टर' लिहिलं म्हणजे कोटेशन हातात, संचालक मंडळाचा ठराव झालेला, एवढं तरी पाहिजे. नसेल तर 'ऑर्डर पक्की झाल्यापासून अमुक महिन्यात' असं लिहा, ते जास्त खरं आहे आणि कंपन्या ते मान्यही करतात.

शेवटचं पान डिक्लेरेशनचं असतं. 'आमची सर्व उत्पादने सर्व कायद्यांचं सदैव पालन करतील' असलं वाक्य तिथं छापलेलं असलं तर दुरुस्ती मागा: फक्त हळद पावडर, फक्त या युनिटमधली, या तारखेला आमच्या माहितीप्रमाणे, आणि बदल झाला तर इतक्या दिवसात कळवू. बिलावर फॉर्म ई ची, म्हणजे माल कायद्यात बसतो अशी हमी तुम्ही तशीही देताय, कायद्याची जबाबदारी त्यातून सुटत नाही, पण तिच्यावर न पाहिलेल्या गोष्टींचं ओझं आणखी चढवायची गरज नाही. सही करणाऱ्या संचालकानं सगळ्या ओळी स्वतः वाचायला पाहिजेत, कन्सल्टंटची सही चालत नसते आणि भांडण लागलं की तो सापडत पण नाही. पाठवलेली फाइल, पत्र, जोडलेले रिपोर्ट, सगळं एका फोल्डरमधे तारीख टाकून ठेवा. आणि चक्की बदलली, पॅकिंग दुसरीकडं दिलं, मोंढ्याचा वाटा वाढला, असं काही झालं तर ती ओळ बदलून कंपनीला मेल टाका, पुढच्या वर्षीच्या फेरीची वाट बघू नका.

मागोव्याची चाचणी घेतल्यावर काय निघालं ते कळवा. तिथं अडकलात तर पॉलिशचं रजिस्टर कसं आखायचं ते सांगतो.